घरी मोबाइलवर जाहिरातीचा आवाज रेकॉर्ड करताना या चुका टाळा

लालबागमध्ये घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी आपल्या 30 सेकंदांच्या जाहिरातीसाठी रेकॉर्ड केलेला आवाज माझ्याकडे संकलनासाठी आला होता. आंबेडकर मार्गावरची वर्दळ कमी व्हावी म्हणून त्या रात्री साडेअकरापर्यंत थांबल्या होत्या, पंखा आणि फ्रिज बंद केला होता, घरातल्या सगळ्यांना गप्प बसवले होते. रेकॉर्डिंगमध्ये गाडीचा एक हॉर्नसुद्धा नव्हता. तरीही आवाज रिकाम्या सभागृहातून आल्यासारखा पोकळ होता, आणि अर्धी वाक्ये शेवटाकडे विरून गेली होती.

त्यांची पहिली चूक अगदी सर्रास होणारी आहे, ती म्हणजे शांत खोली आणि चांगली खोली यांना एकच समजणे. त्या हॉलमध्ये बसल्या होत्या. तिथे खाली गुळगुळीत लाद्या, एका बाजूला काचेचे शोकेस आणि उरलेल्या तीन बाजूंना उघड्या भिंती होत्या. तोंडातून निघालेला आवाज या कठीण पृष्ठभागांवर आपटून किंचित उशिराने परत माइककडे येतो आणि मूळ शब्दात मिसळतो. आपले कान समोरच्या माणसाच्या बोलण्यावर लक्ष ठेवून हे घुमणे सहज दुर्लक्षित करतात. माइकला ती निवड करता येत नाही. पंख्याची एकसुरी घरघर नंतर सॉफ्टवेअरने बऱ्याच अंशी कमी करता येते, पण घुमणे शब्दालाच चिकटलेले असल्यामुळे ते काढायला गेले की आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. म्हणून थोडा गोंगाट आणि थोडे घुमणे यांतून निवड करायची वेळ आली, तर मी नेहमी गोंगाट पत्करतो.

खोली पारखण्यासाठी मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीनंतर झणझणणारा आवाज रेंगाळताना ऐकू आला, तर ती खोली सोडून द्यावी. मुंबईतल्या बहुतेक घरांत उत्तम जागा झोपायच्या खोलीत सापडते, कारण तिथे गादी, उशा आणि कपड्यांचे कपाट असते. कपाटाची दोन्ही दारे उघडून, साड्यांच्या आणि टांगलेल्या कपड्यांच्या समोर तोंड करून उभे राहावे आणि मोबाइल आपण व कपडे यांच्या मध्ये ठेवावा. पाठीमागे उघडी भिंत असेल, तर दोरीवर किंवा दाराच्या वरच्या कडेवर जाड गोधडी टाकावी. पातळ पडद्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा लोकप्रिय सल्ला घुमणे कमी करण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे. डोक्यावरून पूर्ण गोधडी ओढून घेतली तर घुमणे थांबते खरे, पण आवाज डब्यात कोंडल्यासारखा होतो आणि उकाड्याने दम लागतो.

दुसरी चूक अंतराची होती. ताईंनी मोबाइल टीपॉयवर ठेवला होता आणि त्या सोफ्यावर टेकून, साधारण दोन हातांवरून बोलत होत्या. इथे एक साधा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: माइकपासूनचे अंतर दुप्पट केले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने कमी होतो, पण खोलीत घुमणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे दूर बसल्याने नुसता आवाज लहान होत नाही, तर खोलीचा वाटा वाढतो. शिवाय दूर बसलेला माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो आणि त्याचा दम लवकर संपतो.

योग्य अंतर एक वीत, म्हणजे 15 ते 20 सेंटिमीटर. हे अंतर स्क्रीनपासून न मोजता माइकपासून मोजावे. बहुतेक मोबाइलमध्ये बोलण्याचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या जागेजवळ बारीक छिद्रात असतो. ते छिद्र कव्हरने किंवा बोटाने झाकले गेलेले नाही ना, हे आधी पाहावे. मोबाइल हातात धरू नये, कारण बोटांची हालचाल रेकॉर्ड होते. पुस्तकांच्या चळतीवर घडी केलेला टॉवेल ठेवून त्यावर तो माइकची कड आपल्याकडे करून आडवा ठेवावा.

एवढ्या जवळून बोलताना प, फ, ब, भ या अक्षरांचा श्वास थेट माइकवर आदळून धप्प असा आवाज येतो. तोंडासमोर तळहात धरून ‘भाजतो’ म्हणा, हवेचा झोत लागेल. आता तळहात ओठांच्या कोपऱ्याकडे सरकवत जा. जिथे झोत लागेनासा होतो, ती माइकची जागा. मजकुराचा कागद हातात न धरता डोळ्यांच्या पातळीवर कपाटाच्या दाराला चिकटवला, तर वाचताना मान खाली-वर होत नाही आणि अंतर एकसारखे राहते.

तिसरी अडचण गतीची, आणि तिचे मूळ बोलण्यात नसून मजकुरात होते. ताईंनी 30 सेकंदांसाठी 94 शब्द लिहिले होते. माझ्या अनुभवात मराठीत समजेल अशा गतीने एवढ्या वेळात 55 ते 60 शब्द बसतात, कारण ‘मिरच्यांपासून’ सारखा एक शब्दही बराच वेळ घेतो. त्यांचे एक वाक्य असे होते: ‘आमच्याकडे उत्कृष्ट दर्जाच्या निवडक मिरच्यांपासून पारंपरिक पद्धतीने तयार केलेला अस्सल मालवणी मसाला माफक दरात उपलब्ध आहे.’ हे एका दमात वाचताना ‘उपलब्ध आहे’ पर्यंत श्वास उरत नाही. त्याऐवजी आम्ही लिहिले: ‘मिरची आम्ही उन्हात वाळवतो. मसाला मंद आचेवर भाजतो. आणि मगच कांडतो.’ पत्ता आणि फोन नंबर स्क्रीनवर दाखवायचे ठरवून आवाजातून काढले. मजकूर 56 शब्दांवर आला.

मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, म्हणून इथे श्वास संपणे विशेष महागात पडते. ‘रंगासाठी काहीही मिसळत नाही’ यातला ‘नाही’ पुसट झाला, तर ऐकणाऱ्याला नेमके उलटे कळू शकते. प्रत्येक पूर्णविरामावर थांबून श्वास घ्यावा आणि शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच स्पष्ट म्हणावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, रस्ता चालू असतानाच, कपाटासमोर पुन्हा रेकॉर्डिंग केले. मोबाइल एअरप्लेन मोडवर होता. सुरुवातीला 10 सेकंद काही न बोलता खोलीचा आवाज घेतला, कारण संकलनात जोड लपवायला तो लागतो. हॉर्न वाजला की ताई थांबत आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणत. पंखा बंद असल्यामुळे दर पाच-सहा मिनिटांनी विश्रांती घ्यावी लागली. प्रत्येक वेळी इअरफोन लावून तपासले, कारण मोबाइलच्या स्पीकरवर घुमणे आणि खालच्या पट्टीतली घरघर लपून जाते. शेवटी फाइल पाठवताना व्हॉट्सॲपचे माइकचे बटण दाबून बोलण्याऐवजी रेकॉर्डरमधली मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, त्यामुळे ती आणखी कॉम्प्रेस होऊन आवाजाचा दर्जा घसरला नाही. एका वाक्यामागे लांबून गेलेल्या बसची हलकी घरघर राहिली होती. मसाला भाजण्याच्या दृश्याबरोबर ती ऐकूही आली नाही.