नवीन घराच्या नळ कनेक्शनसाठी नगरपंचायतीला अर्ज कसा लिहायचा

घर बांधून झालं, स्लॅब पडला, रंग झाला, पण पाणी अजून शेजाऱ्याच्या बोअरचंच चालू आहे, अशी घरं आपल्या तालुक्याच्या गावांत नवीन लेआउटमध्ये भरपूर आहेत. अर्ज लिहायला फार काही लागत नाही, पण अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा दोनच गोष्टींमुळे, घराची कर आकारणी झालेली नसते नाहीतर घरासमोर मेन लाइनच नसते. म्हणून लिहायला बसायच्या आधी ह्या दोन गोष्टी बघून घ्या.

त्याच्याही आधी पाणी देते कोण ते बघा. शेजाऱ्याचं पाणी बिल मागा अन् वर कोणाचं नाव आहे ते वाचा. अमरावती, यवतमाळ शहरात पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देते, तिथं महापालिकेत किंवा नगरपालिकेत अर्ज टाकून काही होत नाही. बिल नगरपंचायतीचं असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं जाते. नगराध्यक्ष साहेबांना हवं तर भेटा, पण "प्रति" मध्ये मुख्याधिकारीच लिहा.

आता कर आकारणी. प्लॉटची खरेदी तुमच्या नावानं झाली म्हणजे घराला नंबर मिळाला असं नाही. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन कर विभागात जा, घराची नोंद करून घ्या, टॅक्स भरा आणि पावती सांभाळून ठेवा. टॅक्स पावतीवर अजून लेआउटवाल्याचंच नाव असेल तर आधी ते बदलून घ्या भाऊ, नाहीतर पाणी विभागाचा बाबू पहिलं बोट तिथंच ठेवते.

मेन लाइनचं मात्र ऑफिसात विचारू नका, व्हॉल्व सोडणाऱ्या माणसाला विचारा, त्याला जमिनीखालचं सगळं पाठ असते. लाइन कोणत्या बाजूनं आहे, किती इंची आहे, मधात सिमेंट रोड किंवा नाली येते का, एवढं विचारून टेपनं अंतर मोजा. हे अर्जात लिहिलं की मोका पाहणीला येणाऱ्या इंजिनिअरचं काम सोपं होते. उदाहरण म्हणून लेआउटमधलं एक घर धरू, प्लॉट नं. १४, समोर मुरमाचा रस्ता, लाइन रस्त्याच्या पलीकडे ९ मीटरवर. अर्ज असा होईल:

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय, (गाव), जि. यवतमाळ

विषय : नवीन घरासाठी अर्धा इंची घरगुती नळ कनेक्शन मिळण्याबाबत.

महोदय,
मी वरील गावातील प्रभाग क्र. ५ चा रहिवासी असून मौजा (नाव), प्लॉट नं. १४ येथे माझे नवीन घर बांधून पूर्ण झाले आहे. घराची कर आकारणी झाली असून मालमत्ता क्र. (नंबर) आहे. चालू वर्षाचा कर भरला आहे. घरी नळ कनेक्शन नाही. घरासमोरील रस्त्याच्या पलीकडून मुख्य जलवाहिनी गेली असून घरापासून अंतर अंदाजे ९ मीटर आहे. रस्ता मुरमाचा आहे. तरी मोका पाहणी करून कनेक्शन मंजूर करावे, नियमाप्रमाणे लागणारी अनामत, जोडणी व रस्ता खोदाईची रक्कम भरण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
(सही, नाव, मोबाईल नंबर, तारीख)

सोबत : टॅक्स पावती, खरेदीखताची प्रत, बांधकाम परवानगी, आधार कार्ड.

"अर्धा इंची घरगुती" हे शब्द गाळू नका. खाली दुकान काढलं असेल तर तेही सरळ लिहा, कारण व्यावसायिक दर वेगळा असते अन् पाहणीत शटर दिसतेच.

आणि समोर लाइनच नसेल तर? मग हा अर्ज चालतच नाही. तिथं मागणी कनेक्शनची नाही तर लाइन वाढवून देण्याची, आणि ती एकट्यानं केली की पडून राहते, कारण त्याला निधी लागते. त्या गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या घेऊन वेगळं निवेदन द्या, एक प्रत नगरसेवकाला द्या.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक टेबलावर द्या, दुसऱ्यावर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हटलं तरी शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. पाहणी झाली की डिमांड मिळते, पैसे ऑफिसच्या खिडकीवरच भरायचे आणि पावती घ्यायची, खोदणाऱ्या प्लंबरच्या हातात ऑफिसचे पैसे देऊ नका.

पोच यासाठीही लागते की महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांची मुदत कार्यालयात बोर्डावर लावलेली असते, सोबत अपील अधिकाऱ्याचा हुद्दा पण. त्यात नळ जोडणीची ओळ शोधा. मुदत उलटली तर ती उलटल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील टाकता येते, आणि बोर्डावरच्या मुदतीचे दिवस मोजले जातात ते तुमच्या पोचवरच्या तारखेपासून.