प्रायोजकत्वाचे पत्र : सराफाला स्वतःचा फायदा दिसेल असे कसे लिहावे

दिवाळी पहाटेसाठी मंडळे दुकानदारांना जी पत्रे देतात, त्यांचा मजकूर साधारण असा असतो :

«आमचे मंडळ गेली अनेक वर्षे सांस्कृतिक क्षेत्रात कार्यरत आहे. यंदाच्या कार्यक्रमास मोठा खर्च अपेक्षित आहे. तरी फूल ना फुलाची पाकळी म्हणून आपण सढळ हस्ते सहकार्य करावे, ही नम्र विनंती.»

या पत्रावर हजार रुपयांची पावती फाटते आणि विषय संपतो. त्यात वावगे काही नाही, कारण मागितली होती ती देणगीच. पंचवीस हजार हवे असतील, तर पत्रातला खर्च मंडळाचा न राहता सराफाच्या जाहिरातीचा व्हायला हवा.

म्हणून लिहायला बसण्याआधी त्या दुकानाचे कॅलेंडर बघा. सराफाची खरी विक्री धनत्रयोदशीला होते आणि पहाट रंगते नरक चतुर्दशीला, म्हणजे खरेदी उरकल्यावर. मंचामागच्या फलकावर त्याचे नाव कितीही मोठे लिहिले, तरी त्या सकाळी त्याचा धंदा वाढणार नाही. त्याला उपयोगी पडेल अशी मंडळाकडची एकच वस्तू धनत्रयोदशीच्या आधी लोकांच्या हातात जाते, ती म्हणजे प्रवेशिका. पत्र तिच्याभोवती बांधा.

आता हिशेब. समजा सभागृह ५०० आसनांचे आहे. कलाकारांचे पाहुणे आणि कार्यकर्ते यांच्यासाठी ५० जागा ठेवल्या, तर ४५० प्रवेशिका उरतात. त्या फक्त सराफाच्या दुकानात आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन द्यायच्या. सगळ्या संपल्या, तर निदान २२५ माणसे दुकानाची पायरी चढतात. पंचवीस हजारांना भागून डोई खर्च साधारण १११ रुपये येतो. हा भागाकार पत्रात लिहू नका, सराफ तो मनातल्या मनात करतो. विचारलेच तर सांगता यावा, इतकेच.

पत्राची सुरुवात मग अशी होते :

«मा. महोदय, स.न.वि.वि. आमच्या दिवाळी पहाटेच्या ४५० विनामूल्य प्रवेशिका यंदा केवळ आपल्या दुकानातून वितरित कराव्यात, असा प्रस्ताव आहे. एका व्यक्तीस दोनच प्रवेशिका दिल्या जातील, त्यामुळे परिसरातील किमान २२५ रसिक धनत्रयोदशीपूर्वीच्या आठवड्यात आपल्या दुकानी येतील, अशी अपेक्षा आहे. वितरणासाठी मंडळाचा कार्यकर्ता उपस्थित राहील. अन्य कोणत्याही सराफाचे प्रायोजकत्व स्वीकारले जाणार नाही.»

मंडळाची परंपरा, आधीच्या कलाकारांची नावे, अध्यक्षांचे मनोगत हे सगळे यानंतर आणि चार ओळींत. गेल्या वर्षी सभागृह भरले होते का, हे मात्र खरे लिहा. दोन रांगा रिकाम्या होत्या हे गावात कोणीतरी पाहिलेलेच असते.

कार्यकर्ता बसवण्याचे वाक्य गाळू नका, कारण सराफाची पहिली शंका तीच असते : फुकट्यांची रांग लागली तर माझ्या गिऱ्हाइकाने उभे कुठे राहायचे? त्यासाठी वाटपाचे नियमही पत्रात घाला. रोज ७५ प्रवेशिका धरल्या तर सहा दिवस पुरतात. सगळ्या पहिल्याच सकाळी संपल्या, तर पुढचे पाच दिवस नुसते ‘संपल्या’ म्हणण्यात जातात. दुपारची वेळ ठेवा आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी वाटप बंद करा. प्रवेशिकेसाठी खरेदीची अट नसेल, हेही स्पष्ट असू द्या. घेणाऱ्यांचे फोन नंबर सराफाला परस्पर देऊ नयेत. तशी मागणी आली, तर ज्यांनी संमती लिहून दिली त्यांचेच द्यावेत.

चौकाचौकांत फ्लेक्स लावण्याचे आश्वासन बहुतेक पत्रांत दिसते. पालिकेची परवानगी हातात नसेल तर ते काढून टाका. कारवाई झाली की फ्लेक्सवरच्या नावाचीही शोभा होते. प्रवेशिकेच्या मागची बाजू आणि निवेदकाने दोनदा घेतलेले नाव, एवढे मंडळाच्या हातात नक्की असते.

हेच पत्र नाव बदलून चष्मेवाल्याला पाठवले तर फुकट जाईल. त्याला धनत्रयोदशीशी कर्तव्य नाही, पण श्रोत्यांत ज्येष्ठ मंडळी बरीच असतील तर मध्यंतरात नेत्रतपासणीच्या सवलतीचे कूपन वाटण्यात त्याला रस वाटेल. मिठाईवाल्याला चिवड्याची छोटी पाकिटे वाटू द्या.

पत्र द्यायला पितृपंधरवडा सोयीचा. सराफाकडे तेव्हा वर्दळ कमी असते आणि मालक निवांत बोलतो. त्या दिवसांत पैशाची बोलणी नकोत असे कोणी म्हणाले, तर पत्र ठेवून यावे आणि घटस्थापनेनंतर पुन्हा जावे.

शेवटी पैशाच्या कागदांबद्दल एक परिच्छेद. ‘८०जीची सवलत मिळेल’ हे वाक्य जुन्या पत्रातून तसेच उतरवले जाते. ती सवलत नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीसाठी आहे. इथे मंडळ मोबदल्यात प्रसिद्धी देते, त्यामुळे सराफ ही रक्कम जाहिरात खर्चात दाखवेल आणि त्याला देणगीच्या पावतीऐवजी बिल लागेल. बिलावर ‘दिवाळी पहाट, प्रवेशिकांवरील जाहिरात’ असा स्पष्ट उल्लेख करा. जीएसटी कोणी भरायचा, हे पत्रावर सही होण्याआधी मंडळाच्या सीएला विचारून घ्या.