माँ ब्लाँवरच्या दोन कविता आणि निबंधातल्या त्याच त्या चुका

तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे तुलनात्मक निबंध मी बरीच वर्षं तपासतोय. विषय ठरलेला असतो: रोमँटिक निसर्गकवितेतली कल्पनाशक्ती, एकांत आणि सब्लाइम, म्हणजे भीतीही वाटायला लावणारी भव्यता. कविताही बहुतेकदा त्याच दोन. इंग्रज कवी कोलरिजचं १८०२ सालचं, आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याशी असलेल्या शामूनीच्या दरीतलं पहाटेचं स्तोत्र आणि दुसरा इंग्रज कवी शेली याची १८१६ सालची ‘माँ ब्लाँ’. डोंगर एकच, त्यामुळे तुलना सोपी वाटते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली चूक मी स्वतः केली होती. ‘दरीत उभं राहून हिमशिखर पाहताना कोलरिज भारावून जातो,’ असं मी ऐटीत लिहिलं. सरांनी ‘पाहताना’ला लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘कधी गेला होता?’ मला वाटलं, तारीख हवी असेल. दोन दिवस तारीख शोधली, मिळेना. मिळणार कुठून? कोलरिज शामूनीला कधी गेलाच नव्हता. फ्रीडरिका ब्रून या कवयित्रीची एक छोटी जर्मन कविता त्याने हाताशी घेतली, फुलवली आणि तिचं नावही न घेता छापली. वर असंही सांगितलं की हे स्तोत्र आपल्याला इंग्लंडमधल्या स्कॉफेल डोंगरावर सुचलं, पण त्या साध्या डोंगरांना ते झेपेना म्हणून आल्प्समध्ये नेलं.

हे कळल्यावर ‘उसनी कविता’ म्हणून तिला मोडीत काढणं ही पुढची चूक. उलट इथेच कल्पनाशक्तीचा मुद्दा हाती लागतो. कवितेतला बोलणारा शिखराकडे बघत राहतो आणि बघता बघता शिखर त्याच्या विचारांतून नाहीसं होतं, उरते ती प्रार्थना. शेवटी धबधबे, हिमनद्या, फुलं, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: ईश्वर. असं दृश्य उभं करायला डोंगर डोळ्यांसमोर असण्याची गरज कुठे आहे? शेली मात्र खरोखर तिथे गेला होता, आर्व्ह नदीवरच्या पुलावर उभा होता. तरी त्याला शिखर कसलंच उत्तर देत नाही. म्हणून माझी सवय अशी की मुलांना आधी विचारतो, कवी कुठे उभा होता आणि कवितेतला ‘मी’ कुठे उभा आहे? ही दोन उत्तरं वेगळी निघाली की निबंधाची सुरुवात सापडते.

सब्लाइमचं ‘उदात्त’ करून पुढे पळू नका. प्रतिशब्द रूढ आहे, मान्य. पण आपण उदात्त ध्येय म्हणतो, उदात्त विचार म्हणतो, आणि त्यातून भीती पार निघून जाते. एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ साली सब्लाइमच्या मुळाशी भीतीच ठेवली होती, आणि अटही घातली होती की संकट अंगावर आलेलं नसावं. कड्याच्या कठड्याला घट्ट धरून खाली वाकल्यावर पोटात गोळा येतो आणि तरी नजर हलत नाही, तसं काहीसं. शेलीच्या कवितेत हिमनद्या भक्ष्यावर टपलेल्या सापांसारख्या सरपटत येतात, वाटेतली झाडं मोडतात, प्राण्यांचे निवारे गिळतात. हे सोडून ‘निसर्गाचं भव्य सौंदर्य’ लिहिणाऱ्याने गाइडच वाचलंय, हे मला दुसऱ्या ओळीत कळतं.

वर्ड्सवर्थचे डॅफोडिल्स सवयीने मध्ये आणू नका. पहिली दोन पानं कोलरिजला आणि पुढची दोन शेलीला दिली की तुलना होत नाही. कवीचं चरित्र एका वाक्यात आटपा.

एकांताबाबतची चूक बारीक आहे, म्हणून जास्त छळते. ‘दोन्ही कवी एकांतात निसर्गाशी एकरूप होतात’ हे वाक्य मी इतक्यांदा खोडलंय की पेन आपोआप चालतं. मी पेन्सिलने एक साधं काम करतो: ‘एकटा’, ‘निःशब्द’, ‘शांत’ अशा अर्थाचा शब्द आला की तो कोणाला लागू होतो ते समासात लिहितो. कोलरिजकडे तो एकांत पहाटे प्रार्थना करणाऱ्या माणसाचा आहे, आणि तोही टिकत नाही, कारण थोड्याच वेळात सगळी दरी त्याच्यासोबत गाऊ लागते. शेलीच्या शेवटच्या भागात एकांत डोंगराचा आहे. वर बर्फ पडतंय, वारे ते बर्फ ढकलतायत, वीज मुकी आहे आणि हे बघायला तिथे कोणी नाही. (माँ ब्लाँवर माणूस १७८६ सालीच चढला होता. पण कवितेला तिथे कोणीच नको आहे.)

मग कोणी बघत नसलेलं ते बर्फ आपल्याला कसं दिसतं? खाली दरीत उभ्या असलेल्या माणसाच्या कल्पनेतून. कल्पनाशक्ती, एकांत आणि सब्लाइम हे तीनही शब्द या एका जागी भेटतात, म्हणून मी मुलांना निबंध इथून मागे लिहायला सांगतो. घाईतली मुलं मात्र शेलीच्या शेवटच्या ओळी ‘मनाशिवाय निसर्गाला अर्थ नाही’ अशा विधानात उतरवतात. शेली डोंगराला विचारतो की माणसाच्या कल्पनेला शांतता आणि एकांत म्हणजे नुसती पोकळीच वाटली असती, तर तू, पृथ्वी, तारे, समुद्र काय उरला असतात? कविता तिथेच थांबते, प्रश्नचिन्हावर. ते खोडून तिथे पूर्णविराम टाकलेला निबंध मी परत देतो.