हंगामी धंद्याचा विक्री-अंदाज: आधी वर्ष, मग महिने, मग रोकड

हंगामी धंद्याचा अंदाज बांधायचं काम नव्याने हातात आलं की बरेच जण मागच्या वर्षीचे बारा आकडे घेतात आणि प्रत्येकात दहा टक्के मिळवतात. मी नव्या सहकाऱ्यांना शिकवते तेव्हा ही सवय आधी मोडायला लावते. मागच्या वर्षी एखाद्या महिन्यात एकच मोठी ऑर्डर आली असेल, तर तीही दहा टक्क्यांनी फुगून पुढच्या वर्षात शिरते.

त्याऐवजी दोन प्रश्न वेगळे करा. वर्षभरात एकूण किती विकलं जाईल, हा पहिला. त्यातला किती वाटा कुठल्या महिन्यात पडेल, हा दुसरा. एकूण विक्री वर्षागणिक बरीच बदलते, पण महिन्यांचे वाटे सहसा त्या मानाने स्थिर असतात. म्हणून निदान तीन वर्षांचे आकडे घ्या, प्रत्येक महिन्याच्या विक्रीला त्या वर्षाच्या मासिक सरासरीने भागा आणि तिन्ही वर्षांतला मधला आकडा धरा. हा झाला त्या महिन्याचा हंगामी निर्देशांक. सरासरीऐवजी मधला आकडा घेतला की एखादं विचित्र वर्ष चित्र बिघडवत नाही. बारा निर्देशांकांची बेरीज १२ यायला हवी; थोडा फरक आला तर सगळ्यांना एकाच प्रमाणात दुरुस्त करा. मात्र धंदा झपाट्याने वाढत असेल तर साध्या वार्षिक सरासरीने वर्षाअखेरचे महिने उगाच मोठे दिसतात. तिथे बारा महिन्यांची सरकती सरासरी वापरावी.

आता एक काल्पनिक धंदा घेऊ. वर्षाची विक्री १,२०० हजार, म्हणजे महिन्याची सरासरी १०० हजार. हंगामाचे चार महिने, त्यांचे निर्देशांक २.५, ३.०, २.५ आणि १.६. उरलेल्या आठ महिन्यांचा प्रत्येकी ०.३. मालाचा खर्च विक्रीच्या निम्मा. भाडं, पगार, विमा असा स्थिर खर्च दर महिन्याला ४० हजार.

वर्षाचा हिशेब गोड दिसतो: विक्रीतून ६०० उरतात, ४८० स्थिर खर्चात जातात, नफा १२०. पण मंदीच्या महिन्यात विक्री ३०, त्यातून उरतात १५ आणि खर्च ४०. म्हणजे दरमहा २५ ची तूट, आठ महिन्यांत २००. हंगामात हातात आलेले पैसे नफा समजून काढून घेतले की मंदीत पगार अडतात, ते इथे.

आणि २०० सुद्धा पुरत नाहीत. माल एक महिना आधी रोखीने घ्यावा लागत असेल, तर मंदीच्या शेवटच्या महिन्यात हंगामाच्या पहिल्या महिन्याचा माल, म्हणजे १२५, भरावा लागतो. मंदीच्या पहिल्या महिन्याचा १५ चा माल हंगामातच घेऊन झालेला असतो. त्यामुळे त्या आठ महिन्यांत रोकड एकूण ३१० ने घटते. नफ्या-तोट्याच्या तक्त्यात हा खड्डा दिसतच नाही. त्यासाठी पैसे प्रत्यक्ष कधी येतात आणि कधी जातात याचा वेगळा तक्ता करून प्रत्येक महिन्याअखेरची शिल्लक मांडावी लागते. त्यातला सर्वांत खालचा आकडा हाच अंदाजाचा खरा निष्कर्ष, असं माझं मत आहे. खेळत्या भांडवलाची मर्यादा त्यावरून ठरते, वर्षाच्या नफ्यावरून नाही.

स्थिर खर्चाचा दुसरा परिणामही आकड्यांत पाहा. विक्री १० टक्क्यांनी घटून १,०८० झाली, तर उरतात ५४०, आणि नफा १२० वरून ६० वर येतो. ९६० विक्रीला नफा शून्य. म्हणून अंदाज एकाच आकड्यात देऊ नका. दहा आणि वीस टक्के कमी विक्रीचे तक्तेही सोबत ठेवा.

हंगाम सुरू झाल्यावर अंदाज सुधारायचा मार्ग सोपा आहे. आपल्या धंद्यात पहिल्या दोन महिन्यांत वर्षाचा ५५०/१,२०० वाटा, म्हणजे सुमारे ४६ टक्के विक्री होते. प्रत्यक्षात ४९५ झाली, तर त्याच प्रमाणाने वर्षाचा आकडा १,०८० वर येतो. पण हे गणित एकट्या पहिल्या महिन्यावर करू नका. विक्री कमी आहे की हंगामच उशिरा सुरू झाला, हे तेव्हा कळत नाही. त्यासाठी आठवड्यांचे आकडे कॅलेंडरच्या तारखांऐवजी हंगाम सुरू झाल्यापासूनच्या आठवड्यांशी जुळवा. तिसरा आठवडा मागच्या हंगामाच्या तिसऱ्या आठवड्याइतका भरला असेल, तर मागणी फक्त सरकली आहे. चढच कमी असेल, तर नवी खरेदी आणि तात्पुरती भरती लगेच आवरा, कारण हंगाम संपल्यावर शिल्लक माल मंदीतल्या रोकडीवर बसतो.

शेवटची एक गोष्ट, जी जुन्या नोंदींत बहुधा सापडत नाही: ऐन हंगामात माल संपला होता का? संपला असेल तर त्या महिन्याची विक्री म्हणजे मागणी नव्हे, तर तेवढ्याच मालाची मर्यादा. तसा महिना निर्देशांकात जसाच्या तसा घेतला, तर पुढच्या वर्षीही आपण कमीच माल मागवतो आणि तो पुन्हा संपतो. माल कोणत्या तारखेला संपला, हे यंदापासून विक्रीच्या शेजारच्या रकान्यात लिहायला लागा.