उलट भाषांतर जुळलं, तरी प्रश्नावली चुकलेली असू शकते

एम.ए.चे प्रबंध तपासताना एक वाक्य दर वर्षी वाचायला मिळतं: ‘प्रश्नावलीचे मराठीत भाषांतर करून उलट भाषांतराने पडताळणी केली.’ म्हणजे ते मराठी दुसऱ्या कोणाकडून परत इंग्रजीत आणून मूळ इंग्रजीशी ताडून पाहिलं. पुढच्या पानावर थेट तक्ते. हे वाक्य आलं की मी आता थांबतो आणि विद्यार्थ्याला सांगतो, आधी ती मराठी प्रश्नावली दाखव.

पीएचक्यू-९ चंच बघा. नैराश्याची लक्षणं विचारणारे नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. वापरायला परवानगी लागत नाही, म्हणून आपल्याकडे सगळ्यांच्या हातात हीच असते. तिचं मराठी भाषांतर आधीपासून उपलब्ध आहे, ते न शोधता नव्याने करायला बसणं ही पहिली चूक. पण ते मिळालं म्हणून काम संपलं असंही नाही. छापील मराठी आणि बीड-जालन्याच्या खेड्यातली मराठी यांत बरंच अंतर आहे. बंजारा तांड्यावर तर घरात गोरमाटी बोलतात, तिथे मराठी हीच दुसरी भाषा.

आमच्या एका विद्यार्थिनीने स्वतः भाषांतर केलं होतं. दुसऱ्या प्रश्नातल्या ‘फीलिंग डाउन’चं तिने केलं ‘खाली खाली वाटणे’. इंग्रजीच्या एका प्राध्यापकांनी ते परत इंग्रजीत नेलं आणि उत्तर आलं ‘फीलिंग डाउन’. अगदी तंतोतंत. दोघांनी आनंदाने टिक केली. गावात पहिल्याच घरी मावशी म्हणाल्या, “हाव ना, खाली वाटतंय. सकाळपासून नुसत्या चहावर हाय मी.” आपल्याकडे दखनीच्या संगतीने ‘खाली’चा अर्थ रिकामं असाही होतो. मावशींनी पोटाबद्दल उत्तर दिलं आणि आम्ही ते मनाच्या खात्यात जमा केलं.

उलट भाषांतर एवढंच सांगतं, की इंग्रजी वाक्य मराठीत जाऊन सुखरूप परत आलं की नाही. शब्दाला शब्द ठेवलेलं वाईट मराठी सगळ्यात सुखरूप परत येतं. रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं की हुशार उलट-भाषांतरकार मोडक्या भाषांतरातूनही अर्थ लावून घेतो. म्हणून जुळलेल्या वाक्याकडे जास्त संशयाने बघा आणि न जुळलेल्याची घाईने दुरुस्ती करू नका. ‘उमेद संपल्यासारखं वाटणं’ हे परत येताना थोडं वेगळं इंग्रजी होऊन येईल, येऊ द्या. उलट ‘निराश’ हा शब्द सरळ वाटतो, पण पेपर अवघड गेला तरी पोरं निराश होतात. मूळ प्रश्नात त्याहून खोल काहीतरी विचारलंय.

उलट भाषांतर कोणाला द्यायचं, यातही गफलत होते. मानसशास्त्र विभागातल्या सहकाऱ्याला दिलं तर त्याला पीएचक्यू-९ पाठ असते; तो समोरचं मराठी वाचण्याआधीच मूळ इंग्रजी आठवून लिहितो. दोन्ही भाषा चांगल्या येणारा, मूळ प्रश्नावली न पाहिलेला आणि शक्यतो या विषयाशी संबंध नसलेला माणूस शोधा. मराठीत आणण्याचं काम मात्र दोघांनी वेगवेगळं करावं: एक विषय जाणणारा, एक न जाणणारा. दोन मसुद्यांत जिथे फरक पडतो, तिथे चर्चेला बसायचं.

आता झोपेचा प्रश्न. तिसऱ्या प्रश्नात झोप लागायला त्रास, मधेच जाग येणं किंवा फार झोपणं, असं तिन्ही विचारलंय. ‘झोप नीट लागत नाही का?’ हे मराठी म्हणून स्वच्छ आहे, उलट भाषांतरातही काही खटकत नाही. आम्ही ते रब्बीच्या हंगामात विचारलं. शेतीपंपाची लाइट तेव्हा रात्रीच्या पाळीत होती आणि हरभऱ्याला पाणी द्यायला माणसं रात्र रात्र शिवारात होती. एका भाऊंनी सांगितलं, “लागत नाही, जवळजवळ रोजच.” ३ गुण. थकव्याला ३. लक्ष लागत नाही, २. झाले ८, आणि त्या माणसाच्या बोलण्यात उदासीचा मागमूस नव्हता. आणखी दोन गुण मिळाले असते तर १० च्या रेषेवर जाऊन तो ‘नैराश्यग्रस्त’ म्हणून मोजला गेला असता.

हे टेबलावर बसून सापडत नाही. त्यासाठी आठ-दहा जणांशी सावकाश बोलावं लागतं. प्रश्न वाचायचा, उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं: “भाऊ, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं. आणि हे उत्तर देताना तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं?” भाऊंच्या डोळ्यांसमोर मोटर आली होती. मग आम्ही प्रश्नात ‘झोपायला वेळ मिळूनसुद्धा’ एवढे शब्द घातले. त्यांचं झोपेचं उत्तर शून्यावर आलं. थकव्याचे ३ तसेच राहिले, कारण तो थकवा खराच होता. असा थकवा शब्द बदलून घालवता येत नाही, निष्कर्ष काढताना लक्षात ठेवावा लागतो. असा प्रत्येक बदल आणि त्याचं कारण लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी स्वतःलाच आठवत नाही.

सातव्या प्रश्नात लक्ष लागण्यासाठी वर्तमानपत्र वाचण्याचं उदाहरण आहे. ज्या बाईने कधी पेपर हातात धरला नाही, ती ‘नाही बाई, नाही लागत’ म्हणते आणि गुण वाढतात. आम्ही डाळ निवडण्याचं उदाहरण घेतलं. त्यात लक्ष लागतं आणि चुकलं तर जेवताना दाताखाली कळतं. पुरुषांसाठी ते चालेना, तिथे पैशाचा हिशोब करणं ठेवलं.

पर्यायांचं तर कोणी उलट भाषांतरच करत नाही. ‘निम्म्यापेक्षा जास्त दिवस’ हे कागदावर ठीक, ओसरीवर नाही. शिवाय आपल्याकडे आठवडा म्हणजे ‘आठ दिवस’ आणि दोन आठवडे म्हणजे ‘पंधरा दिवस’. त्यात ‘मागच्या पंधरवड्यात’ म्हटलं की काहींच्या मनात अमावस्या-पौर्णिमा येते. आम्ही आठवडी बाजाराच्या दिवशीच जाऊन बाजार धरला: “मागचा नाही, त्याच्या आधीचा बाजार, तिथून आजपर्यंत.” समोर ज्वारीचे १४ दाणे ठेवले आणि असे दिवस जितके, तितके बाजूला काढायला सांगितले. एकही नाही तर ०, सातपर्यंत १, आठ ते अकरा २, बारापासून पुढे ३. ही विभागणी आमची, पण सगळ्यांना सारखीच लावली.

नवव्या प्रश्नाशी मात्र खेळ नको. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हे तिथे विचारलंय. ‘यापेक्षा मरण बरं’ हे आपल्याकडे भांडी घासताना सहज बोललं जातं. म्हणून ‘हो’ आलं की बोलायची सवय असेल असं स्वतःच ठरवून पुढे जाणारे मी पाहिलेत. आणि प्रश्न इतका मऊ करणारेही, की त्यात मरण उरतच नाही. दोन्ही चूक. शब्द सरळ ठेवा, ‘हो’ आलं की तिथेच थांबून नीट विचारा, आणि त्या दिवशी कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं ते गावात जाण्याआधी ठरवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मुलाखत घेणाऱ्याच्या वहीत असू द्या.

एवढं करून ३०-४० जणांवर चाचणी घेतली, की १० गुणांची रेषा जशीच्या तशी उचलायचा मोह होतो. ती मूळ प्रश्नावलीची आहे. तुमच्या बदललेल्या मराठीसाठी ती कुठे पडते, हे त्याच लोकांची मानसोपचारतज्ज्ञाने वेगळी मुलाखत घेतल्याशिवाय कळत नाही. तोवर तक्त्यात ‘नैराश्य असलेले’ न लिहिता ‘१० किंवा अधिक गुण मिळालेले’ असंच लिहा.