जुन्या दुचाकीची जाहिरात टाकताना या चुका टाळा

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं दुकान चालवून मला सोळा वर्षं झाली. रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर इतर डीलरांच्या पोस्ट बघतो. "शोरूम कंडिशन, सिंगल हँड, पेपर क्लिअर, एक रुपया खर्च नाही." दहातल्या आठ पोस्ट अशाच असतात. यातला "पेपर क्लिअर" हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

दीडशे सीसीची एक गाडी घेतली होती. मालकाने शेवटचा हप्ता भरल्याची पावती दाखवली, बँकेची एनओसीही दाखवली. मी पोस्टमध्ये लिहिलं, "लोन क्लिअर, पेपर ओके." गडहिंग्लजचा एक मुलगा आला आणि ४८ हजारांना गाडी घेऊन गेला. नाव ट्रान्सफरला टाकल्यावर कळलं की आरसीवर एचपी, म्हणजे फायनान्स कंपनीचा बोजा, अजून तशीच आहे. हप्ते संपले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत दाखल केल्यावरच तो उतरतो. एनओसी होती, पण तिच्यावर तीन महिन्यांची मुदत छापलेली होती आणि कागद चौदा महिने जुना होता. मी वरचं शीर्षक आणि खालचा शिक्का बघितला, तारीख बघितलीच नाही.

नवी एनओसी मागायला गेलो तर कंपनीची इथली शाखा बंद झालेली. पुण्याला अर्ज केला. तिथून उत्तर आलं की मालकाचा एक चेक बाऊन्स झाला होता, त्याचे २,३६० रुपये बाकी आहेत. मालक म्हणे, मी सगळं भरलंय. शेवटी पैसे मी भरले. सगळं निस्तरायला ७१ दिवस लागले. तेवढे दिवस तो मुलगा दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवत होता, आणि त्याचे वडील दर सोमवारी फोन करून विचारायचे, "दादा, झालं का?" ते एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लाज वाटायची.

तेव्हापासून "पेपर क्लिअर" हे दोन शब्द मी लिहीत नाही. प्रत्येक कागदाची वेगळी ओळ लिहितो. आरसी कुणाच्या नावावर आहे, आताचा मालक कितवा आहे, एचपी आहे की उतरवली, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, चलन बाकी आहे का. चलन mahatrafficechallan.gov.in वर गाडी नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकून मी स्वतः बघतो, मालकाच्या तोंडी शब्दावर लिहीत नाही. एचपी उतरली नसेल तर तसंच लिहितो: "एचपी आहे, एनओसी अमुक तारखेची हातात आहे, उतरवून देणार." असं लिहिल्याने गिऱ्हाईक पळतं असं नवी पोरं सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. जे येतात ते ठरवून येतात.

आरसीचा फोटो मात्र पोस्टमध्ये टाकू नका. त्यावर मालकाचं नाव, पत्ता, चासी नंबर असतो आणि तो माणूस गाडी विकून मोकळा झालेला असतो. नंबर फोनवर द्या, गिऱ्हाईकाला mParivahan वर बघू द्या.

दुसरी चूक विम्याची. ही बरेचदा कुणी मुद्दाम करत नाही, पण नुकसान खरं होतं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यासोबत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो बहुतेक जण एकाच वर्षाचा घेतात. कागद एकच असतो, त्यावर तारखा दोन असतात. डीलर लांबची तारीख बघतो आणि "इन्शुरन्स चालू" लिहून टाकतो.

माझ्याकडे २०१९ च्या जुलैत पासिंग झालेली एक स्कूटर होती. २०२२ च्या फेब्रुवारीत मी ती एका ताईंना विकली. पोस्टमध्ये लिहिलं होतं, "विमा जुलै २०२४ पर्यंत." थर्ड पार्टीपुरतं ते खरं होतं. ओन डॅमेज जुलै २०२० लाच संपलेला होता. जूनच्या पहिल्या पावसात ताई रंकाळ्याजवळ घसरल्या. माणूस सुखरूप, पण हँडलखालची टी वाकली, पुढचा मडगार्ड आणि हेडलाइट गेला. बिल ९,४०० रुपये झालं. त्या पॉलिसी घेऊन गॅरेजला गेल्या तेव्हा त्यांना कळलं की यातून त्यांना एक पैसाही मिळणार नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं, अर्धवट लिहिलं होतं, आणि त्यांना फसवल्यासारखंच वाटलं. मजुरी मी भरली.

आता दोन्ही तारखा वेगळ्या लिहितो. सोबत हेही सांगतो की गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांत विमाही नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी कायद्याने नव्या मालकाकडे जातो. ओन डॅमेज चालू असला तरी पॉलिसीवर नाव बदलल्याशिवाय त्याचा दावा अडतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. तो किमतीत धरून सांगू नका.

सही केलेले ट्रान्सफरचे २९-३० नंबरचे कोरे फॉर्म हातात देऊन "सवडीने नाव करून घ्या" म्हणणं ही जुनी खोड आहे आणि तिचा मला राग येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की नोंदणीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे तुमच्या घाईचं ओझं, ज्याने विश्वासाने गाडी दिली, त्या माणसाच्या डोक्यावर. पोस्टमध्ये लिहा की ट्रान्सफर कोण करणार आणि खर्च कुणाचा.

केए पासिंगची गाडी स्वस्त दिसते. फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्रातला कर वेगळा भरावा लागेल, हे त्याच ओळीत सांगा. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट बसवली का, तेही.

किलोमीटरबद्दल थोडकं बोलतो. "रनिंग १४ हजार, जेन्युइन" असं लिहिण्याआधी मागचा टायर बघा. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१७ ची, मीटरवर १४ हजार आणि मागचा टायर २०१९ चा असेल, तर दोनच वर्षांत पहिला टायर कशाने झिजला हे मालकाला विचारा. फूटरेस्टचं रबर आणि डिस्कवर आलेली कड बघा. केबल तुटून मीटर सहा महिने बंद असणं ही नेहमीची गोष्ट आहे. मी "मीटरवर १४,२००, खात्री देत नाही" असं लिहितो, आणि सर्व्हिसची नोंद असेल तरच "खात्रीचे" म्हणतो.

ओल्या गाडीचे फोटो काढू नका. पाण्याखाली ओरखडे लपतात. ओरखड्याचा फोटो जवळून आणि वेगळा टाका. "किंमत फोनवर" लिहू नका.

आता टेस्ट राइड. सुरुवातीला मी मामाच्या दुकानात कामाला होतो. गिऱ्हाईक येणार असलं की मामा सांगायचा, "जरा फिरवून आण." मी दोन चकरा मारून गाडी गरम करून ठेवायचो. एकदा एक म्हातारे मिस्त्री आले. गाडीकडे बघितलंही नाही, आधी इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवला. हात काढला आणि म्हणाले, "पोरा, गाडी गरम का केलीस?" मला उत्तर देता आलं नाही. ते गेले ते परत आले नाहीत. ती गाडी चांगली होती, खरंच चांगली होती.

थंड इंजिन खरं बोलतं. रात्रभर उभी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमधून पहिले काही सेकंद निळसर धूर येऊन थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. चालवताना ॲक्सिलरेटर ओढल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंगा गेल्यात आणि हाफ इंजिनाचं काम निघेल. थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ दोन मिनिटांत जाते, तिला घाबरू नये. सुरू होताच खडखड येऊन गरम झाल्यावर बंद झाली तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर बघावा लागतो. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ सकाळीच दगा देतो. गाडी गरम करून ठेवली की यातलं बरंचसं लपतं, आणि चौथ्या दिवशी गिऱ्हाईकाच्या दारात उघडं पडतं.

म्हणून मी आमंत्रणात वेळच लिहितो: दहाच्या आत या. लायसन आणा, लर्निंग चालणार नाही. हेल्मेट दुकानात आहे. टोकन आधी मागत नाही. रस्ता चार-पाच किलोमीटरचा, त्यात एक चढ आणि एक खराब पट्टा मुद्दाम असतो, कारण क्लच चढावर कळतो आणि टी खड्ड्यात. सपाट रस्त्यावर हँडल सैल धरून गाडी एका बाजूला ओढते का, ते बघायला मीच सांगतो. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनी अधिकृत डीलरकडची गाडी ट्रायल, दुरुस्ती, तपासणी अशा कामांसाठीच रस्त्यावर काढता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. नवी पोरं हा त्रास म्हणतात. मला त्या नोंदीचा उपयोग होतो, कुणी किती वाजता गाडी नेली आणि किती चालवली ते लिहिलेलं राहतं.

परवा टाकलेली माझी पोस्ट अशी होती:

"१२५ सीसी स्कूटर, पासिंग ऑक्टोबर २०२१, एमएच-०९. मालक दुसरा. मीटरवर २६,८००, पहिल्या तीन सर्व्हिसची नोंद आहे, पुढची नाही. इंजिन खोललेलं नाही. डाव्या पॅनलला ओरखडा आणि मागच्या मडगार्डला तडा, फोटो ४ आणि ५. मागचा टायर बदलावा लागेल, पुढचा चालेल. थंड असताना सेल्फ दुसऱ्या दाबाला लागतो, बॅटरी जुनी आहे. एचपी उतरवलेली. थर्ड पार्टी विमा ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ओन डॅमेज नाही. पीयूसी नवी काढून देतो. चलन बाकी नाही, आज तपासलं. नाव ट्रान्सफर मी करून देणार, खर्च किमतीत. ५८ हजार, टायर आणि बॅटरी धरून थोडं बोलू. सकाळी दहाच्या आत या, गाडी थंड ठेवतो. सोबत तुमचा मिस्त्री आणला तरी चालेल."

कागलहून एक बाई मुलाला आणि मिस्त्रीला घेऊन साडेनऊला आल्या. मिस्त्रीने ब्लॉकवर हात ठेवला, मग सेल्फ दाबला. दुसऱ्या दाबाला लागली. त्याने पोस्ट परत वाचली आणि बाईंना म्हणाला, "बॅटरीचे चौदाशे कमी करून घ्या, बाकी लिहिलंय तसंच आहे."