"किती?" विचारलं की पुन्हा एकपासून

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका बालवाडीत मी नवी होते. गोलात बसलेली बारा मुलं दहापर्यंत घडाघडा म्हणाली आणि मला वाटलं, मोजणी झाली. मग चार वर्षांच्या एका मुलीपुढे पाच करवंट्या ठेवल्या. तिने बोट लावत पाचपर्यंत बरोबर मोजलं. "किती झाल्या गं?" विचारलं तर पुन्हा एकपासून सुरू. परत विचारलं, परत तेच. आकड्यांचा क्रम तिला पाठ होता, पण शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या मिळून किती, हे तिला अजून उमगलं नव्हतं.

तेव्हापासून माझा पंधरा मिनिटांचा गोल याच एका गोष्टीसाठी असतो. सुरुवात गाण्याने. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, टोपली मध्ये ठेवते, तिच्यात कापडाचे पाच उंडे, म्हणजे गोल पाव:

पोदेर आला दारात,
पाच उंडे टोपलीत,
एक नेला आईने,
उरले किती टोपलीत?

प्रत्येक कडव्याला एक मूल उंडा उचलतं. उत्तर मी सांगत नाही, थांबते. कुणी तोंडाने चार म्हणालं तरी टोपलीत बघून मोजायला लावते.

मग करवंट्या. काठ घासून गुळगुळीत केलेल्या, तोंडात जाणार नाहीत एवढ्या मोठ्या. काजूबिया हाताशी असतात म्हणून घेऊ नका. सालीतलं तेल कातडी भाजतं. आधी तीनच ठेवते. मोजून झालं की सगळ्यांभोवती हात फिरवून म्हणते, "एक, दोन, तीन. तीन करवंट्या." हात फिरवणं सोडू नका, शेवटचा आकडा सगळ्यांचा आहे हे त्यातूनच दिसतं.

खरी परीक्षा उलटी असते: "मला तीन दे." मूठभर उचलून दिल्या तर समजावं, अजून तीनवरच राहायचं. मोजून देऊन थांबलं, तर दुसऱ्या दिवशी चार. एका गोलात तीन-चार मुलांनाच असं बघता येतं, बाकीची उद्या.

पाचच्या पुढे एक वेगळीच चूक दिसते. एक ते पाच सगळे एका ठोक्याचे, पण 'सहा' म्हणताना 'स'ला एक करवंटी आणि 'हा'ला दुसरी लागते, मग सात करवंट्या असल्या तरी सहाच होतात. घरी कोंकणी बोलणारं मूल 'स' म्हणतं, त्याचं बोट इथे चुकत नाही. ते तसंच मोजू द्या, मराठी शब्द गाण्यातून येईल. बाकीच्यांना मी बोट लावायला सांगत नाही, करवंटी उचलून टोपलीत टाकायला सांगते. टाकल्याशिवाय पुढचा आकडा नाही.

त्या मुलीला तीनवर नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी "किती?" विचारल्यावर तिने करवंट्यांकडे बघितलंही नाही, "तीन" म्हणाली आणि टोपली पुढच्याकडे सरकवली.